चतुर्थी सप्टेंबरात, लेख जुलैत

सणाच्या विषयावरचा लेख वेबसाइटवर कधी टाकावा, हे ठरवताना सणाच्या तारखेतून दोन अवधी वजा करावे लागतात. पहिला अवधी वाचकाच्या तयारीचा असतो. सणाआधी किती दिवस त्याला ती माहिती लागते, हे त्यावरून कळते. दुसरा अवधी गूगलसारख्या सर्च इंजिनाचा असतो. लेख सापडणे, त्याची नोंद होणे आणि शोधाच्या निकालांत त्याला जागा मिळणे, याला काही आठवडे लागू शकतात. दोन्ही अवधी वजा करून जी तारीख उरते, त्या तारखेला लेख वेबसाइटवर असायला हवा. सणाच्या आदल्या दिवशी टाकलेला उत्तम लेखही बहुधा वाया जातो, कारण त्याची नोंद होईपर्यंत नैवेद्याचे ताट वाढून झालेले असते.

हे गणित प्रत्यक्षात कसे मांडतात, ते उकडीच्या मोदकांच्या उदाहरणावरून पाहता येते. समजा, महाराष्ट्रीय पदार्थांची एक छोटी वेबसाइट आहे आणि तिला २०२६ च्या गणेशोत्सवासाठी मोदकांवर लेख द्यायचा आहे. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे.

तारीख पंचांगातून घ्यावी

मराठी सणांच्या बाबतीत पहिली चूक इथेच होते. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, त्यामुळे मागच्या वर्षीचे वेळापत्रक जसेच्या तसे वापरता येते. गणेश चतुर्थी मात्र चांद्र तिथीवर ठरते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने सण दरवर्षी दहा ते बारा दिवस अलीकडे सरकतो आणि अधिक मास आला की एकदम पलीकडे जातो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती १४ सप्टेंबरपर्यंत मागे गेली, आणि २०२७ मध्ये पुन्हा ४ सप्टेंबरला येईल.

याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. २०२५ चे आकडे पाहून ‘मोदकांचा शोध ऑगस्टच्या शेवटी वाढतो’ अशी नोंद करून ठेवली, तर २०२६ मध्ये ती १८ दिवसांनी चुकते. त्या वर्षी तोटा होत नाही, कारण लेख फार तर लवकर तयार होतो. २०२६ ची इंग्रजी तारीख धरून २०२७ ची आखणी केली, तर मात्र लेख दहा दिवस उशिरा येतो, आणि हे दहा दिवसच कमाईचे असतात. म्हणून वेळापत्रकात ‘२० जुलै’ असे न लिहिता ‘चतुर्थीच्या आठ आठवडे आधी’ असे लिहावे आणि दर वर्षी पंचांग पाहून तारीख भरावी.

दिवाळीत आणखी एक अडचण असते. अमावास्या दोन दिवसांत विभागली गेली की लक्ष्मीपूजनाच्या तारखेवर पंचांगांत मतभेद होतात. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी असे झाले. अशा वेळी लेखाच्या शीर्षकात तारीख न घालता ती मजकुरात, कोणत्या पंचांगानुसार हे सांगून द्यावी.

एका सणाचे अनेक शोध

लोक ‘गणेशोत्सव’ एवढाच शब्द टाकून थांबत नाहीत. त्यांचे शोध घरातल्या तयारीच्या क्रमाने बदलत जातात. चतुर्थी कधी आहे, हा प्रश्न सुटीचे आणि गावी जाण्याचे बेत आखताना, काही महिने आधीच येतो. शाडूच्या मूर्तीची चौकशी मूर्ती ठरवण्याच्या काळात होते. मखर आणि सजावटीच्या कल्पना शेवटच्या काही आठवड्यांत लागतात, पूजासाहित्याची यादी बाजाराला जाण्यापूर्वी लागते आणि आरत्या थेट त्या दिवशी. चतुर्थी झाली की गौरींचा नैवेद्य आणि विसर्जन यांचे शोध सुरू होतात.

मोदकांतही असेच टप्पे आहेत. ‘उकडीचे मोदक रेसिपी’ हा शोध आदल्या एक-दोन दिवसांत आणि त्या सकाळी सर्वाधिक असणार, कारण उकडीचे मोदक ताजेच करतात. ‘मोदकाची पिठी कशी करावी’ हा प्रश्न मात्र त्याच्या कितीतरी आधी येतो. तांदूळ धुवायचे, सावलीत वाळवायचे आणि बारीक दळून आणायचे, यात काही दिवस जातात. चतुर्थीच्या आदल्या रात्री पिठीची कृती वाचून काही उपयोग नसतो. त्या वेळी माणूस तयार पिठी विकत आणतो. साच्याची खरेदीही आधीच होते. ‘मोदक फुटतात, काय करावे’ हा शोध याच्या अगदी उलट आहे. पहिला घाणा बिघडल्यावर पिठाच्या हाताने मोबाइलवर टाकलेला तो प्रश्न असतो.

हे टप्पे अंदाजाने न ठरवता गूगल ट्रेंड्स या मोफत साधनात तपासता येतात. तिथला आलेख ० ते १०० या मोजपट्टीवर असतो. निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू १०० धरला जातो आणि बाकी सर्व त्याच्या तुलनेत दाखवले जाते. त्यामुळे १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत; किती लोकांनी शोधले हे त्यातून कळत नाही, केव्हा शोधले हे कळते. वेळेच्या आखणीसाठी तेवढे पुरेसे असते. मात्र काळ निवडताना काळजी घ्यावी लागते. पाच वर्षांचा आलेख आठवड्यांच्या हिशेबाने येतो आणि त्यात चतुर्थीचा आठवडा नुसता एक सुळका दिसतो. १ जुलै ते ५ सप्टेंबर २०२५ असा मोजका काळ घेतला, तर प्रत्येक दिवसाचा बिंदू वेगळा मिळतो आणि चढ नेमका कधी सुरू झाला ते वाचता येते. तो दिवस चतुर्थीच्या किती दिवस आधीचा होता, एवढेच टिपून घ्यायचे.

मराठीसाठी इथे एक मेख आहे. तोच पदार्थ कोणी ‘उकडीचे मोदक’ असा, कोणी ukadiche modak, तर कोणी ukdiche modak असा शोधतो. एकेक लेखन वेगळे घेतले तर शोध विखुरतात आणि कमी वापराच्या शब्दांपुढे आलेखात शून्य दिसते. ट्रेंड्समध्ये शब्दाऐवजी ‘विषय’ निवडण्याची सोय आहे. त्यात वेगवेगळ्या लिपी आणि भाषांतले शोध एकत्र धरले जातात, म्हणून ऋतूचा कल पाहताना विषय निवडणे बरे. लोक नेमके कोणते शब्द वापरतात हे पाहण्यासाठी गूगलच्या शोधचौकटीत ‘मोदक’ टाकून खाली उमटणाऱ्या सूचना वाचाव्यात, आणि निकालांच्या पानावर दिसणारे संबंधित प्रश्नही वाचावेत.

कोणता शब्द घ्यावा

नुसत्या ‘मोदक रेसिपी’ या शब्दांवर मोठ्या वाहिन्यांच्या आणि जुन्या पाककृतीस्थळांच्या पानांची गर्दी असते. ती पाने वर्षानुवर्षे तिथे असतात आणि अनेक ठिकाणांहून त्यांच्याकडे दुवे दिलेले असतात. छोट्या वेबसाइटचे नवे पान आठ आठवड्यांत त्यांना मागे टाकेल ही शक्यता फार कमी. ‘गणेश चतुर्थी कधी आहे’ या शोधाची अडचण वेगळी आहे. त्याचे उत्तर गूगल स्वतःच निकालांच्या वर दाखवतो, त्यामुळे शोध भरपूर झाले तरी वाचक पानापर्यंत येत नाही.

उदाहरणातल्या वेबसाइटने म्हणून नेमका प्रश्न निवडला: २१ मोदकांसाठी पिठी, पाणी आणि सारणाचे प्रमाण. नैवेद्याला २१ मोदक करण्याची पद्धत घरोघरी आहे, पण बहुतेक कृतींत प्रमाण ‘एक वाटी पिठी’ असे असते. एका मध्यम वाटीत साधारण दहा-अकरा मोदक होतात. म्हणजे २१ साठी दोन वाट्या पिठी, जवळपास तेवढेच पाणी, आणि सारणाला चार वाट्या खोवलेला नारळ व दोन वाट्या चिरलेला गूळ, असा हिशेब थेट मांडता येतो. त्याच लेखात पुढे पिठी कशी करायची, उकड कशी काढायची आणि मोदक का फुटतो ही उपशीर्षके येतात. उकड कोरडी राहिली किंवा कमी मळली की पारीला चिरा जातात, हे कारण आणि पाण्याचा हात लावून उकड गरम असतानाच पुन्हा मळावी हा उपाय, दोन्ही चार ओळींत सांगून होतात. पिठीवाला, आदल्या रात्रीचा आणि फुटलेल्या मोदकाचा असे तिन्ही वेळचे वाचक त्यामुळे एकाच पानावर येऊ शकतात.

निवडलेले शब्द शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात आणि उपशीर्षकांत जिथे सहज बसतात तिथेच यावेत. एकाच शब्दाची पाच रोमन लेखने पानाच्या तळाशी ओतून ठेवण्याची युक्ती जुनी आहे. तिने वाचक बिचकतो, आणि शब्दांची अशी भरताड गूगलच्या नियमांतही बसत नाही. मजकूर देवनागरीत आणि पानाचा पत्ता रोमन लिपीत, अशी विभागणी सोयीची ठरते. देवनागरी पत्ता चालतो, पण तो व्हॉट्सअॅपवर चिकटवला की अनेकदा टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते.

पत्त्यात वर्ष नको

पानाचा पत्ता कसा ठेवला, यावर पुढच्या वर्षांचे श्रम वाचतात किंवा वाया जातात. उदाहरणातल्या वेबसाइटसमोर हे दोन पर्याय होते:

```
/modak-recipe-2026
/ukadiche-modak
```

पहिल्या पत्त्यावरचे पान २०२७ मध्ये शिळे दिसते, म्हणून नवे पान करावे लागते आणि ते पुन्हा शून्यापासून सुरू होते. तीन वर्षांत एकाच विषयाची तीन पाने तयार होतात आणि ती निकालांत एकमेकांशीच झगडतात. दुसरा पत्ता दर वर्षी तोच राहतो. मागच्या गणपतीत मिळालेले दुवे आणि वाचक त्याच पानाच्या खाती जमा होत जातात. दरवर्षी येणाऱ्या मोठ्या खरेदीच्या दिवसांसाठी गूगलने दुकानदारांना दिलेला सल्लाही हाच आहे: पान लवकर तयार करा आणि दर वर्षी एकच पत्ता वापरा. जुन्या वर्षांची पाने आधीच असतील, तर त्यांतला चांगला मजकूर एका पानात आणून बाकीचे पत्ते ३०१ या कायमस्वरूपी पुनर्निर्देशनाने त्या पानाकडे वळवावेत.

तारीख-मुहूर्ताचे पान मात्र वेगळ्या जातीचे असते. ते दर वर्षी खरोखरच बदलते आणि अशा शोधात ताज्या पानाला महत्त्व मिळते. तिथेही पत्ता एकच ठेवून आतला मजकूर आणि शीर्षकातले वर्ष बदलता येते. मोदकाची कृती वर्षागणिक बदलत नाही. त्या पानावर काहीच न बदलता नुसती तारीख नवी करणे ही गूगलच्या मार्गदर्शनात स्पष्टपणे टाळायला सांगितलेली गोष्ट आहे.

आठ आठवड्यांचा उलटा हिशेब

पिठीचा शोध चतुर्थीच्या साधारण दोन आठवडे आधी चढू लागतो असे धरले, तर ती तारीख ३१ ऑगस्ट येते. हा झाला वाचकाचा अवधी. नवे पान गूगलला सापडून त्याची नोंद होण्यास काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. नोंद झाल्यावरही पान लगेच वर येत नाही. सुरुवातीला ते मोजक्या शोधांत, खालच्या जागी दिसते आणि हळूहळू स्थिरावते. यासाठी सहा आठवडे राखून ठेवले, तर प्रकाशनाची तारीख २० जुलै ठरते, म्हणजे चतुर्थीच्या बरोबर आठ आठवडे आधी. सहा आठवडे हा काही नियम नाही. जुन्या, नियमित लिहित्या वेबसाइटला दोन-तीन आठवडे पुरू शकतात, तर नव्या वेबसाइटला सहाही अपुरे पडू शकतात.

२० जुलैला लेख टाकायचा तर लेखन आणि छायाचित्रे त्याआधी तयार हवीत. म्हणजे जूनच्या शेवटी कोणाला तरी मोदक करून फोटो काढावे लागतात. दिवाळी अंकांच्या संपादकांना ही सवय जुनी आहे. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाच्या आधी कितीतरी दिवस दिवाळीचा मजकूर तयार होत आला आहे. छापील अंक मात्र स्टॉलवर लागला की दिसतो. वेबसाइटवरचे पान प्रकाशित झाले तरी दिसेलच असे नसते, आणि म्हणून पुढचे आठवडे नुसते वाट पाहण्याचे नसतात.

प्रकाशनाच्या दिवशी दोन कामे करायची. मुखपृष्ठावरून आणि गणेशोत्सवाच्या इतर लेखांतून नव्या पानाला दुवा द्यायचा, कारण गूगलचा क्रॉलर बहुतेक नव्या पानांपर्यंत दुव्यांवरून पोचतो. मग गूगलच्या Search Console या मोफत साधनात पानाचा पत्ता तपासून नोंदणीची विनंती करायची. आठवड्याने तिथेच पुन्हा पाहायचे. ‘Crawled - currently not indexed’ असा शेरा असेल, तर क्रॉलर येऊन गेला पण पानाची नोंद केली नाही, असा त्याचा अर्थ. मजकूर इतरत्र मिळणाऱ्या कृतींसारखाच आहे का, हे तेव्हा आधी तपासावे. कधी कारण अगदी साधे असते: पान तयार होत असताना लावलेली `noindex` ही खूण काढायची राहून गेलेली असते. ही चूक २७ जुलैला सापडली तर सुधारता येते, १३ सप्टेंबरला सापडली तर नाही. लवकर प्रकाशित करण्याचा मोठा फायदा हाच.

१७ ऑगस्टच्या आठवड्यात, म्हणजे चार आठवडे राहिले असताना, पान कोणत्या शोधांत दिसू लागले आहे ते वाचायचे. ‘Impressions’ म्हणजे पान निकालांत किती वेळा दिसले आणि ‘Clicks’ म्हणजे किती वेळा उघडले गेले. दिसते पण उघडले जात नाही, असे असेल तर दोन कारणे संभवतात. सरासरी स्थान दुसऱ्या-तिसऱ्या पानावरचे असेल, तर कोणी तिथवर पोचतच नाही. स्थान बरे असूनही क्लिक नसतील, तर शीर्षकात वाचकाला हवे ते दिसत नाही. ‘पारंपरिक उकडीचे मोदक’ या शीर्षकापेक्षा ‘२१ उकडीचे मोदक: पिठी, पाणी आणि सारणाचे प्रमाण’ या शीर्षकातून पानात काय मिळेल ते लगेच कळते. लोक ज्या प्रश्नाने पानाशी येत आहेत आणि ज्याचे उत्तर पानात नाही, ते उत्तर याच आठवड्यात भरायचे. ७ सप्टेंबरनंतर मोठे बदल करू नयेत. ते पुन्हा वाचले जाऊन निकालांत उतरतील याची खात्री उरत नाही.

सण झाल्यावर

विसर्जनानंतर पान काढून टाकणे ही चूक आहे. संकष्टी आणि अंगारकीला, माघी गणेश जयंतीला मोदकांचा शोध पुन्हा होतोच, आणि पुढच्या भाद्रपदासाठी पानाचे वय ही जमेची बाजू असते. मुखपृष्ठावरचा दुवा तेवढा काढावा.

हिशेब तपासतानाही पंचांग लागते. सप्टेंबर २०२६ ची तुलना सप्टेंबर २०२५ शी केली, तर वाचक अनेक पटींनी वाढल्याचे दिसेल. पण मागच्या वर्षी सण ऑगस्टमध्येच येऊन गेला होता. खरी तुलना सणापासून मोजलेल्या दिवसांची: ३० जुलै ते २७ ऑगस्ट २०२५ समोर १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२६. Search Console मध्ये असे दोन काळ निवडून शेजारी मांडता येतात. मात्र तिथली माहिती १६ महिनेच राहते. २०२५ च्या चतुर्थीचे आकडे डिसेंबर २०२६ अखेर दिसेनासे होतात, म्हणून ते दर वर्षी उतरवून ठेवावे लागतात.

या आकड्यांत मुख्यतः चढाची वेळ पाहायची. पानाची दृश्यता सणाआधीच्या दोन आठवड्यांत शोधाबरोबर वाढली असेल, तर वेळ बरोबर होती आणि पुढच्या वर्षी लक्ष मजकुरावर द्यायचे. शोधाचा चढ ओसरल्यानंतर दृश्यता वाढली असेल, तर लेख उशिरा आला. शोध चढूनही दृश्यता जागेवरच राहिली असेल, तर दोष वेळेचा नसून शब्दाच्या निवडीचा आहे. तो प्रश्न फार मोठ्या स्पर्धेतला होता आणि तो बदलायला हवा. २०२७ साठी हा निर्णय घेऊन झाला की पंचांगातली ४ सप्टेंबर ही तारीख मांडायची आणि आठ आठवडे मागे मोजून १० जुलै वेळापत्रकात लिहायची.